गेज दाब सांगतं, गॅस किती ते नाही

(या भागात बोललेल्याचा लिखित मजकूर. ऐकताना आकडे निसटले असतील तर इथे निवांत बघा.)



आज एक साधा प्रश्न घेऊया. सीएनजीच्या पंपावर गाडी लावली. पंपावरचा माणूस नळी जोडतो, गेजचा काटा २०० बारवर जातो, भरणं थांबतं. पैसे मात्र किलोवर घेतात. लिटरवर नाही, बारवरही नाही. असं का? टाकी केवढी आहे ते माहिती आहे, दाब किती तेही समोर दिसतंय. मग अकरावीच्या पुस्तकातलं सूत्र लावून आत किती गॅस गेला ते काढता येणार नाही का?

काढता येतं. फक्त उत्तर चुकतं, आणि थोडंथोडकं नाही, दीड किलोच्या वर चुकतं. ही चूक कुठून येते, तेच आज बघायचंय. त्यासाठी तीन सिलिंडर घेऊ. तिन्ही कोल्हापुरात रोज दिसणारे: वेल्डिंगच्या दुकानातला ऑक्सिजनचा, गाडीतला सीएनजीचा, आणि शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीतला कार्बन डायऑक्साइडचा, ज्याला तिथले लोक सीओटूचा सिलिंडर म्हणतात.

पहिला सिलिंडर: गुणाकार चालतो

सुरुवात ऑक्सिजनपासून. कोविडच्या काळात 'जंबो सिलिंडर' हा शब्द सगळ्यांनी ऐकला. वेल्डिंगवाल्यांकडे तो आधीपासून आहे. त्यात पाणी भरलं तर साधारण ४७ लिटर मावतं. गॅस भरतात सुमारे १५० बार दाबाला. आता गुणाकार करा. ४७ गुणिले १५० म्हणजे साधारण ७००० लिटर. याचा अर्थ, हा सगळा ऑक्सिजन बाहेर मोकळा सोडला तर तो सुमारे ७००० लिटर जागा घेईल. म्हणून तर त्याला 'सात क्यूबिक मीटरचा सिलिंडर' म्हणतात.

हा गुणाकार म्हणजेच आपलं आदर्श वायूचं समीकरण.

```
P V = n R T
```

P म्हणजे दाब, V म्हणजे भांड्याचं आकारमान, n म्हणजे आत किती मोल गॅस आहे, T म्हणजे केल्विनमधलं तापमान आणि R हा एक ठरलेला आकडा. मोल या शब्दाला घाबरू नका. डझन म्हणजे बारा, तसं मोल म्हणजे रेणूंचा एक ठरलेला, प्रचंड मोठा गठ्ठा. मिथेनचा एक गठ्ठा १६ ग्रॅमचा, कार्बन डायऑक्साइडचा ४४ ग्रॅमचा.

या सूत्राने दोन गोष्टी गुपचूप धरून चाललेल्या आहेत. एक, रेणूंना स्वतःचा आकार नाही, ते नुसते ठिपके आहेत. दोन, रेणूंना एकमेकांशी काही देणंघेणं नाही. एकमेकांना ओढत नाहीत, फक्त भिंतीवर आपटतात आणि परत फिरतात. या दोन्ही गोष्टी खोट्या आहेत. तरीही ऑक्सिजनच्या बाबतीत हिशोब साधारण ५ टक्क्यांच्या फरकाने जुळतो. वेल्डिंगच्या कामाला ५ टक्के चालून जातात. म्हणून तिथे कोणाला शंका येत नाही.

शंका येते ती दुसऱ्या सिलिंडरशी.

दुसरा सिलिंडर: सीएनजीची टाकी

समजा गाडीच्या डिकीत ६० लिटर पाणी मावेल एवढी टाकी आहे. सीएनजी म्हणजे बहुतांश मिथेन, म्हणून हिशोबाला शुद्ध मिथेनच धरूया. तापमान २५ अंश सेल्सिअस, दाब २०० बार.

आदर्श समीकरण म्हणतं, आत ४८४ मोल गॅस आहे. गुणिले १६ ग्रॅम, म्हणजे ७.८ किलो.

प्रत्यक्षात त्या दाबाला आणि तापमानाला मिथेन तिथे मावतो सव्वानऊ किलोच्या आसपास. म्हणजे सूत्राच्या अंदाजापेक्षा दीड किलो जास्त. हा दीड किलो जास्तीचा गॅस आत असूनही गेज २०० च दाखवतंय. मग तो काट्याला दिसत का नाही?

इथे १८७३ साल येतं. हॉलंडमध्ये लायडन विद्यापीठात योहानेस डिडेरिक व्हॅन डर वाल्स नावाच्या माणसाने डॉक्टरेटचा प्रबंध दिला. सुताराचा मुलगा, बरीच वर्षं शाळामास्तर. त्या वेळी रेणू खरंच असतात की ती नुसती हिशोबाची सोय आहे, यावरही वाद होता. याने सरळ धरलं की रेणू आहेत, त्यांना आकार आहे आणि ते एकमेकांना ओढतात. आणि मग जुन्या समीकरणात फक्त दोन दुरुस्त्या केल्या.

```
(P + a n²/V²) (V − n b) = n R T
```

a आणि b हे प्रत्येक वायूचे आपापले आकडे. b आकाराचा, a ओढीचा. एकेक करून बघू.

आकाराची दुरुस्ती

b सोपा वाटतो. रेणू जागा अडवतात, तेवढी जागा वजा करा. पण किती जागा? इथे बरेच जण चुकतात. रेणूचं स्वतःचं आकारमान वजा करायचं असं वाटतं. तसं नाही.

दोन गोट्या घ्या, सारख्या आकाराच्या. एक गोटी जमिनीवर ठेवा आणि दुसरी तिच्या जवळ आणत जा. दोघींचे मध्यबिंदू किती जवळ येऊ शकतात? गोट्या एकमेकींना टेकल्या की संपलं. म्हणजे एका व्यासापेक्षा जवळ नाही. म्हणजे पहिल्या गोटीभोवती, तिच्या दुप्पट त्रिज्येचा एक गोल आहे, ज्यात दुसरीच्या मध्यबिंदूला बंदी आहे. त्रिज्या दुप्पट झाली की गोलाचं आकारमान आठपट होतं. ही बंदी दोघींनी मिळून केलेली आहे, म्हणून दोघींत वाटून घ्यायची. प्रत्येकीच्या वाट्याला आली चौपट. म्हणजे रेणू स्वतः जेवढा आहे, त्याच्या चौपट जागा तो इतरांसाठी बंद करतो.

मिथेनसाठी b आहे मोलमागे सुमारे ४३ मिलिलिटर. यात रेणूंचं स्वतःचं आकारमान ११ मिलिलिटरच्या आसपास. बाकीची सगळी बंदीची जागा.

रेणूंना धावायला जागा कमी मिळाली की ते भिंतीवर जास्त वेळा आपटतात. म्हणून आकारामुळे दाब वाढतो. हे लक्षात ठेवा, वाढतो.

ओढीची दुरुस्ती

आता a. टाकीच्या मध्यभागी असलेल्या रेणूला चारी बाजूंनी शेजारी आहेत. सगळे ओढतायत, पण सगळ्या बाजूंनी सारखेच, म्हणून निव्वळ परिणाम शून्य. भिंतीजवळ पोचलेल्या रेणूची गोष्ट वेगळी. त्याच्या पुढे भिंत, आणि मागे सगळी गर्दी. ही गर्दी त्याला मागे ओढते. त्यामुळे तो भिंतीवर जेवढ्या जोरात आपटला असता, त्यापेक्षा थोडा हळू आपटतो. गेजला हेच आपटणं दिसतं. म्हणून ओढीमुळे दाब कमी दिसतो.

किती कमी? मागून ओढणारे किती आहेत, ते घनतेवर अवलंबून. भिंतीवर आपटायला येणारे किती आहेत, तेही घनतेवर. म्हणून परिणाम घनतेच्या वर्गात वाढतो. समीकरणात n²/V² का आलं, त्याचं उत्तर हेच. गर्दी दुप्पट केली तर ओढीचा परिणाम चौपट. म्हणून मोकळ्या हवेत ही ओढ जाणवतसुद्धा नाही, आणि २०० बारच्या टाकीत ती हिशोब बदलून टाकते.

आता आकडे घालून बघू

व्हॅन डर वाल्सचं समीकरण आपल्या टाकीला लावलं तर आत निघतात ५९० मोल, म्हणजे साडेनऊ किलोला जरासा कमी. खरा आकडा सव्वानऊच्या आसपास. आदर्श सूत्राचा ७.८ होता. म्हणजे दोन साध्या दुरुस्त्यांनी दीड किलोची चूक दोनशे ग्रॅमच्या आत आणली.

पण मजा उत्तरात नाही, उत्तर कसं बनतं त्यात आहे. ६० लिटर भागिले ५९० मोल. एका मोलच्या वाट्याला आले १०२ मिलिलिटर. कटिंग चहाचा ग्लास असतो ना, साधारण तेवढं.

पायरी पहिली. रेणू ठिपके आहेत आणि कोणी कोणाला ओढत नाही असं धरलं, तर एवढ्या जागेत एक मोल गॅसचा दाब यायला हवा २४४ बार.

पायरी दुसरी. आता आकार धरा. १०२ पैकी ४३ मिलिलिटर बंद. उरले ५९. तेवढ्याच जागेत तीच धावपळ, म्हणून दाब चढला ४२१ बारवर.

पायरी तिसरी. आता ओढ धरा. ती वजा करते २२१ बार. उरले किती? २००.

बघा, गेजचा काटा शांतपणे २०० दाखवतोय, आणि त्याच्या मागे एक चारशेचा रेटा आणि एक दोनशेवीसची ओढ अशी रस्सीखेच चाललीय. दोन्ही दुरुस्त्या बारीकसारीक नाहीत. प्रत्येक जवळजवळ मूळ दाबाएवढीच आहे. बहुतेक एकमेकींना खोडतात, म्हणून आदर्श सूत्र बऱ्यापैकी बरोबर वाटतं. मिथेनच्या या दाबाला ओढीचं पारडं थोडं जड आहे, म्हणून काटा कमी दाखवतो आणि गॅस जास्त मावतो.

एक सावधगिरी. हे ४२१ आणि २२१ वेगवेगळे कोणत्याही उपकरणाने मोजता येत नाहीत. ती या मॉडेलने केलेली वाटणी आहे. मोजता येतो तो फक्त शेवटचा २००.

आता पंपावरच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. दाबावरून किलो काढायचे तर गॅसचं नेमकं मिश्रण आणि टाकीतलं तापमान दोन्ही माहिती हवं, आणि वर ही सगळी दुरुस्ती करायला हवी. त्यापेक्षा नळीतून जाणारा गॅस थेट वस्तुमानातच मोजणारं मीटर बसवलेलं सोपं. म्हणून बिल किलोवर.

आणि मे महिन्यात "टाकी पूर्ण भरलीच नाही" असं वाटतं, तेही यातलंच. २५ च्या जागी ४० अंशांला, त्याच २०० बारला, आदर्श सूत्र म्हणतं गॅस ५ टक्के कमी मावेल. पण तापलेले रेणू जोरात पळतात, ओढीला तेवढे बधत नाहीत. जास्तीच्या गॅसचा जो फायदा ओढीमुळे मिळत होता, तो घटतो. त्यामुळे प्रत्यक्षात घट ७-८ टक्क्यांपर्यंत जाते. शिवाय भरताना टाकीतला गॅस दाबला जाऊन स्वतःच तापतो, ते वेगळंच.

पारडं उलटं फिरतं तेव्हा

ओढच नेहमी जिंकते असं नाही. हायड्रोजनवर चालणाऱ्या गाड्यांबद्दल ऐकलं असेल. त्यांच्या टाक्या ७०० बारच्या असतात. आदर्श सूत्राप्रमाणे त्यात लिटरमागे ५७ ग्रॅम हायड्रोजन मावायला हवा. मावतो ४० ग्रॅमच्या आसपास. हायड्रोजनच्या रेणूंची आपसातली ओढ अगदी क्षीण. त्यात ७०० बार म्हणजे रेणू इतके दाटीने की आकाराचीच सत्ता चालते. म्हणून तिथे काटा पुढे पळतो आणि गॅस कमी भरतो.

एक नियम म्हणून लक्षात ठेवायचं तर असं: मध्यम दाबाला आणि थंडीत ओढ वरचढ, खूप जास्त दाबाला आणि उष्णतेत आकार वरचढ.

तिसरा सिलिंडर: गेज गप्प बसतं

आता फाउंड्रीत जाऊ. कोल्हापूरच्या फाउंड्र्यांत वाळूचे कोअर बनवायची एक जुनी पद्धत आहे. कोरडी वाळू घ्यायची, त्यात सोडियम सिलिकेट मिसळायचं, साच्यात दाबून बसवायचं आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड सोडायचा. काही सेकंदांत वाळू दगडासारखी घट्ट होते. सीओटू प्रोसेस म्हणतात ती हीच. याला लागणारा गॅस सिलिंडरमधून येतो.

समजा हा सिलिंडरही ४७ लिटरचाच आहे आणि त्यात ३० किलो गॅस भरलाय. तापमान २५ अंश. आदर्श सूत्राला विचारलं, दाब किती? ते म्हणतं ३६० बार. गेज बघा. ६४ बार.

इथे चूक ५ टक्के नाही, २० टक्के नाही. सूत्र पाचपटीहून जास्त चुकलंय. कारण इथे ओढ नुसती वरचढ नाही, ती पूर्ण जिंकलीय. बरेचसे रेणू एकमेकांना धरून खाली बसलेत. म्हणजे सिलिंडरमध्ये द्रव आहे आणि त्याच्यावर वाफ. गेजला फक्त वाफेचा दाब दिसतो, आणि वाफेचा दाब तापमानावर ठरतो, खाली द्रव किती उरलाय त्यावर नाही.

याचा कामावर परिणाम काय होतो? गॅस वापरायला सुरुवात केली, ३० किलोचे २५ झाले, गेज ६४. वीस झाले, तरी ६४. पंधरा झाले, तरी ६४. शेवटी साधारण ११ किलो उरतात तेव्हा द्रवाचा शेवटचा थेंब संपतो, आणि त्यानंतर काटा खाली यायला लागतो. म्हणजे दोन तृतीयांश माल जाईपर्यंत गेजने तुम्हाला काहीच सांगितलेलं नसतं. ज्याला सवय नाही तो म्हणतो, "सकाळपर्यंत फुल होता की, दुपारीच कसा उतरला?" सकाळीही फुल नव्हताच.

आणि हे ११ किलोही बघण्यासारखे आहेत. द्रव संपलाय, आत निव्वळ वायू आहे, ६४ बारला. आता तरी आदर्श सूत्र चालेल? ते सांगतं ५.३ किलो. आहेत ११. अजूनही निम्म्याने चूक! द्रव होण्याच्या काठावर उभा असलेला वायू आदर्श वायूपासून किती लांब असतो ते इथे दिसतं.

एक गोष्ट मी सोपी करून सांगितली. गॅस भराभर वापरला तर प्रत्यक्षात काटा जरा खाली येतो आणि काम थांबवल्यावर परत वर चढतो. कारण द्रवातून रेणू सुटायचे तर त्या ओढीतून सुटायला उष्णता लागते. ती सिलिंडरमधूनच घेतली जाते. सिलिंडर गार पडतो, गार झाला की वाफेचा दाब घटतो. वेल्डिंगवाले कार्बन डायऑक्साइडच्या रेग्युलेटरला हीटर लावतात, त्याचं मूळही ओढीतच आहे. रेग्युलेटरमधून गॅस एकदम पसरतो, रेणू एकमेकांपासून लांब जातात, आणि लांब जाताना स्वतःची ऊर्जा खर्च करतात. म्हणून रेग्युलेटर गोठतो. आदर्श वायू असता तर तो तिथून जाताना गार झालाच नसता.

३१ अंशांची रेघ

मग मिथेन दाबून द्रव का होत नाही आणि कार्बन डायऑक्साइड का होतो? १८६९ साली आयर्लंडमधल्या बेलफास्टला थॉमस अँड्र्यूज यांनी कार्बन डायऑक्साइडवरच प्रयोग करून दाखवलं की साधारण ३१ अंशांच्या वर त्याला कितीही दाबा, तो द्रव होत नाही. हे त्याचं क्रांतिक तापमान. त्याच्या वर रेणूंची धावपळ एवढी असते की ओढ त्यांना धरून बसवू शकत नाही. मिथेनचं क्रांतिक तापमान आहे उणे ८३ अंश. म्हणून तुमच्या सीएनजीच्या टाकीत द्रव नसतो, आणि स्वयंपाकघरातल्या एलपीजीच्या सिलिंडरमध्ये असतो. त्या वायूंचं क्रांतिक तापमान आपल्या हवेपेक्षा बरंच वर आहे.

व्हॅन डर वाल्सचं खरं यश इथे आहे. त्याच्या एकाच समीकरणातून वायू, द्रव आणि त्या दोघांमधली ही रेघ, तिन्ही निघाले. a आणि b कळले की क्रांतिक तापमान काढता येतं. मुळात a, b चे आकडे बहुतेक वेळा उलट्या वाटेने, क्रांतिक तापमान आणि दाब मोजूनच काढतात. याच कामासाठी १९१० साली त्याला नोबेल मिळालं.

आता ३१ हा आकडा कोल्हापुरात ठेवून बघा. पावसाळ्यात आणि थंडीत आपण या रेघेच्या खाली. एप्रिल-मे मध्ये दुपारी वर. त्या दिवसांत पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेल्या सिलिंडरमध्ये द्रव आणि वाफ हा भेदच उरत नाही, सगळं एकजीव होतं. मग गेज ६४ ला धरून बसत नाही. ४० अंशांला तो भरलेला सिलिंडर १०० बारच्या आसपास दाखवतो. आदर्श सूत्राने विचार करणारा म्हणेल, १५ अंशांनी काय होतंय, ६४ चे ६७ होतील. होतात १००. आणि सिलिंडर ठरलेल्यापेक्षा जास्त भरलेला असेल तर दाब याहून कितीतरी वेगाने चढतो. कारण मोकळी वाफेची जागाच उरलेली नसते आणि आकाराची दुरुस्ती रेणूंना हलू देत नाही. म्हणून हा सिलिंडर दाब बघून भरत नाहीत, वजन करून भरतात, तेही आतली सगळी जागा न भरता. उन्हात ठेवू नका असं सांगतात त्यामागे हे गणित आहे.

समीकरणाची हद्द

व्हॅन डर वाल्स शेवटचा शब्द आहे का? नाही. क्रांतिक बिंदूजवळ त्याचे आकडे चांगलेच घसरतात. त्या बिंदूवर दाब गुणिले आकारमान भागिले RT हे गुणोत्तर त्याच्या हिशोबाने प्रत्येक वायूसाठी ०.३७५ यायला हवं. कार्बन डायऑक्साइडसाठी प्रत्यक्ष मोजलं तर येतं सुमारे ०.२७.

एक दुखणं b मध्ये आहे. आपण म्हटलं, प्रत्येक रेणू चौपट जागा बंद करतो. विरळ गर्दीत हे बरोबर. पण दाटी झाली की या बंदीच्या जागा एकमेकींवर चढतात, एकच जागा दोनदा वजा होते. १९१८ साली कलकत्त्याच्या दोन तरुण शिक्षकांनी नेमका हाच प्रश्न घेऊन 'फिलॉसॉफिकल मॅगझीन'मध्ये लेख लिहिला. विषय होता, रेणूंच्या आकाराचा अवस्था समीकरणावर होणारा परिणाम. त्यांची नावं मेघनाद साहा आणि सत्येंद्रनाथ बोस. दोघांची नावं पुढे जगभर झाली ती वेगळ्या कामांसाठी, पण सुरुवातीच्या काळात दोघं मिळून या b शीच झुंजत होते.

आज इंजिनिअर लोक जास्त अचूक समीकरणं वापरतात. त्यांतली कित्येक अजूनही त्याच दोन गोष्टींवर उभी आहेत: जागा वजा करा, ओढ वजा करा.

जाता जाता

तर मंडळी, गेज हे भिंतीवरच्या आपटण्याचं मोजमाप आहे, रेणूंच्या संख्येचं नाही. ऑक्सिजनला ते दोन्ही जवळपास सारखं पडतं, सीएनजीला पंचमांशाने चुकतं, आणि कार्बन डायऑक्साइडला गेजवर विसंबायचंच नाही. तिथे सिलिंडरच्या खांद्यावर ठोकलेलं रिकामं वजन वाचायचं, सिलिंडर काट्यावर चढवायचा आणि वजाबाकी करायची. जे उरेल तेवढा गॅस.

ऑफिसात किंवा कॉलेजच्या लॅबमध्ये आग विझवायचा कार्बन डायऑक्साइडचा लाल सिलिंडर असेल तर उद्या जवळ जाऊन बघा. शेजारच्या पावडरच्या सिलिंडरवर बहुधा हिरव्या-लाल पट्ट्याचं छोटं गेज दिसेल. याच्यावर दिसणार नाही. का नाही, हे आता तुम्हाला कोणी सांगायला नको.

प्रश्न असतील तर पाठवा. भेटू पुढच्या भागात.